नऊ तासांची कॉपी

सिल्वासाजवळ डोकमर्डीतल्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं सहा वर्षं राहिलो. मी मूळचा अमळनेरचा. मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो आणि अजूनही आहे. तो नाशिकचा, खडोलीला प्लास्टिकच्या कंपनीत प्रॉडक्शनला. आमची ओळख घराच्या दलालाने करून दिली. दोघांनाही एकट्याने भाडं झेपणारं नव्हतं आणि दोघंही मराठी आहेत, एवढंच त्याने पाहिलं होतं.

पहिले काही महिने आम्ही बोलायचोही बेताचंच. त्याची शिफ्ट सुटली की माझी लागायची. मग मी बोनसमधून सेकंडहँड गेमिंग कन्सोल घेतला आणि घरात बोलायला विषय आला. कन्सोल माझा, टीव्ही त्याचा. गेम दोघांनी मिळून घेतलेले, पण सगळे माझ्या खात्यावर, कारण खातं उघडलं होतं ते मी. तो कायम पाहुणा म्हणून दुसरा कंट्रोलर घ्यायचा. "इतकी वर्षं मी तुझ्या घरात पाहुणाच," असं तो म्हणायचा आणि भांडी घासायची पाळी आली की हेच कारण पुढे करायचा.

क्रिकेट होतं, मोटारींच्या शर्यती होत्या, पण आमचा खरा गेम म्हणजे ट्रकचा. दोघांशिवाय तो चालतच नाही. एकाच्या हातात स्टेअरिंग, दुसऱ्याच्या हातात गिअर आणि ब्रेक. लाकडं भरलेला जुनाट ट्रक डोंगरातून खाली आणायचा, एकामागून एक बारा घाट. मी स्टेअरिंगला, तो गिअरला. सहा घाट आम्ही उतरलो होतो. सातव्यावर एक वळण असं होतं की गिअर टाकायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी ट्रक दरीत. तिथे आम्ही चार महिने अडकलो होतो. तो गिअर टाकण्याआधी तोंडाने हलकासा "हं" करायचा. त्याच्या हे लक्षात नव्हतं. मी स्क्रीनकडे पाहून नाही, त्या "हं"वर स्टेअरिंग फिरवायचो.

मग त्याचं लग्न ठरलं, झालं, आणि चाकणला नोकरी लागली. पगार इथल्यापेक्षा बरा आणि बायकोचं काम पुण्यातलं. सिल्वासात राहण्यासारखं त्याच्यासाठी काही उरलं नव्हतं. नाशिककडच्या मित्रांनी लग्नात नवा कन्सोल भेट दिला होता. तो खोक्यात तसाच होता. एके दिवशी भाजी चिरता चिरता त्याने विचारलं, आपले गेम त्याच्यावर टाकता येतील का.

येणार होते. माझं खातं त्याच्या कन्सोलवर उघडायचं आणि तो कन्सोल खात्यात घरचा म्हणून नोंदवायचा, म्हणजे नेट नसलं तरी गेम चालतात. प्रश्न होता गेम आणायचे कुठून. सगळे मिळून पावणेचारशे जीबी. आमच्या इमारतीचं नेट रस्त्याच्या खोदकामाने आठवड्यातून दोनदा तुटायचं, आणि चाकणच्या नव्या घरी नेट लागायला महिना जाणार होता. पुन्हा डाउनलोड करायचं म्हणजे पावसाळा उजाडला असता. मी म्हटलं, डाउनलोड कशाला, इथे आहेत ना, केबल लावून या डब्यातून त्या डब्यात घेऊ. तो म्हणाला, "मग इथले जातील का?" मी सांगितलं, जात नाहीत, कॉपी होते. इथलं इथे राहतं, तिथे दुसरं तयार होतं. हे ऐकून त्याला बरं वाटलेलं दिसलं.

निघायचा दिवस रविवार ठरला. संध्याकाळी पाच वाजता टेम्पो येणार होता. सामान फार नव्हतं: एक कपाट, गादी, टीव्ही, भांडी, पुस्तकांची दोन खोकी. टेम्पोवाला ओळखीचा, तो याला केबिनमध्येच बसवून नेणार होता. त्याची बायको आणि आई आदल्या दिवशीच चाकणला जाऊन थांबल्या होत्या. सोमवारी सकाळी नव्या घरात दूध उतू घालायचं होतं.

आम्ही सकाळी दहाला सुरुवात केली. टीव्ही एकच, त्यामुळे आधी जुना कन्सोल जोडून त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं, नाहीतर नवा त्याला ओळखत नाही. मग टीव्हीची वायर नव्याला लावली. त्यावर माझं खातं उघडलं. दोन्ही कन्सोल एकाच वायफायवर घेतले आणि दोघांच्या मधे लॅन केबल टाकली. केबल माझ्याच पेटीतली, कारखान्यातून टाकून दिलेल्या तुकड्यातून मी कधीतरी बनवलेली. नव्या कन्सोलने जुन्याला शोधलं आणि सांगितलं, त्याचं बटण दाबून धरा. मी दाबलं. जुन्यातून बीप आलं. दोन्ही कन्सोल बंद होऊन पुन्हा चालू झाले आणि टीव्हीवर आमच्या गेमची यादी आली. त्याने एकेकावर खूण केली, ट्रकच्या गेमवर सगळ्यात आधी. खाली सेव्ह केलेल्या डेटावरही केली. मग कॉपी सुरू झाली आणि स्क्रीनवर अंदाज आला: नऊ तास.

"नऊ?" तो म्हणाला. "तू तर दोन तास म्हणाला होतास."

मी म्हटलं, बघू, सुरुवातीला जास्त दाखवतं, मग कमी होतं.

हे खोटं होतं. माझा रोजचा धंदाच तारांचा आहे. लॅनच्या केबलीत आठ तारा असतात. चारच धड असल्या तरी जोडणी होते, पण वेग दहाव्या हिश्श्यावर येतो. पावणेचारशे जीबीला नऊ तास म्हणजे अगदी तोच हिशोब; केबल धड असती तर डिस्कच्या वेगाने दोनेक तास. माझ्या हातात केबल होती आणि एका टोकाची क्लिप थोडी तिरकी बसलेली मला दिसत होती. आतल्या दोन-तीन तारा पिनेपर्यंत पोचल्या नव्हत्या. टोक दाबून बसवायची क्रिम्पिंगची पक्कड माझ्या पेटीत होती, नवे कनेक्टर होते. टोक कापून पुन्हा बसवायला दहा मिनिटं पुरली असती.

मी केबल जमिनीवर ठेवली आणि तिरकस टोक टीव्हीच्या टेबलामागे सरकवलं.

मी मनाशी ठरवून काही केलं नाही, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. आता वाटत नाही. अकराला सुरू झालेलं नऊ तासांनी म्हणजे रात्री आठला संपणार. पाचचा टेम्पो सामान घेऊन पुढे जाईल, हा मागे राहील, आणि उद्याच्या बसने जाईल. एवढा सगळा विचार मी केबल खाली ठेवायच्या आत केला होता.

मग आम्हाला काही काम उरलं नाही. सामान बांधून झालं होतं. जुन्या कन्सोलवर काही करता येत नव्हतं आणि नव्यात खेळण्यासारखं अजून काही पोचलं नव्हतं. सहा वर्षांत आम्ही त्या खोलीत नेहमी शेजारी शेजारी बसलो होतो, तोंडं टीव्हीकडे. त्या दिवशी गादी गुंडाळलेली होती, म्हणून तो खोक्यावर बसला आणि मी समोरच्या भिंतीला टेकून. एकमेकांकडे पाहायचं कसं हेच कळेना. तो वर्तमानपत्राने कप गुंडाळत बसला, जे आधीच गुंडाळून झाले होते. मी त्याला विचारलं, चाकणला पाणी कसं आहे. तो म्हणाला, बोअरचं आहे.

बाराच्या सुमारास त्याने स्क्रीनवर पाहिलं. आठ तास. त्याने हिशोब केला आणि म्हणाला, पाचला निघणं जमत नाही. त्याने टेम्पोवाल्याला फोन केला, तू सामान घेऊन जा, मी उद्या बसने येतो. टेम्पोवाल्याला काय, त्याने हो म्हटलं. मग त्याने बायकोला लावला.

फोनवर बोलायला तो गॅलरीत गेला, पण घर रिकामं झालं की आवाज घुमतो. तिचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, त्याचं येत होतं. आधी तो हसत सांगत होता. मग त्याचा आवाज बारीक झाला. "अगं, आई आहे ना," तो म्हणाला. "तुम्ही दोघी घाला उतू. मी संध्याकाळपर्यंत येतोच." थोड्या वेळाने, "नाही, चिडलीस असं नाही म्हणत मी." मग बराच वेळ नुसतं "हो" आणि "हो". शेवटी तो म्हणाला, "त्याचं इथे कुणी नाही गं. एक दिवस."

तो आत आला तेव्हा मी जुन्या कन्सोलकडे बघत होतो. त्याचा पंखा जोरात घरघरत होता. तो पुन्हा खोक्यावर बसला. त्याने फोन उलटा ठेवला आणि म्हणाला,

"तुला एक विचारू? तुझा बायोडेटा तिथे पोचलाच नव्हता."

त्याच्या चाकणच्या नव्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटवाल्याची एक जागा होती. त्याने माझ्यासाठी शब्द टाकला होता, पत्ता दिला होता. मी बायोडेटा टाइप केला, दोनदा वाचला, आणि पाठवला नाही. त्याला मात्र सांगितलं की पाठवलाय, उत्तर आलं नाही. या गोष्टीला तीन महिने झाले होते.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"तेव्हाच. एचआरला विचारलं होतं मी." त्याचा आवाज रागाचा नव्हता. तो म्हणाला, नसेल यायचं तर नको येऊ, पण पाठवला म्हणालास म्हणून मी तिथे दोनदा विचारत बसलो.

मी खरं होतं ते सांगितलं, जमेल तसं. इथे मी पर्मनंट आहे, इथली मशीनं मला माहीत आहेत. तिथे मुलाखतीत इंग्रजीत विचारलं आणि मला बोलता आलं नाही तर? आणि आलं, तरी तिथे तो बायकोबरोबर राहणार, मी कुठेतरी दुसरी खोली बघणार, रविवारी त्याच्या घरी पाहुणा म्हणून जाणार. त्यापेक्षा इथलं बरं वाटलं. आमच्या आईची एक म्हण होती, पाय ओला करायच्या भीतीने नदीकाठीच म्हातारा झाला. ती माझ्याचसाठी म्हणायची. हे सगळं सलग नाही सांगितलं, तुटक तुटक, मधे मधे थांबून. तो ऐकत राहिला. त्याने मला समजावलं नाही, याचं मला बरं वाटलं.

आणि मग त्या ओघात, थांबायच्या आत, मी म्हणालो, "केबल खराब आहे."

त्याला कळलं नाही.

"एका टोकाच्या तारा लागलेल्या नाहीत. म्हणून नऊ तास. टोक बदललं तर दोन तासांत होईल. तू पाचला निघू शकतोस."

"कधी लक्षात आलं?"

"सुरुवातीलाच."

तो माझ्याकडे बघत राहिला. बाहेर कुणीतरी जिन्यावरून पाण्याचा जार ओढत वर नेत होतं. मला वाटलं आता तो बायकोचं नाव घेईल, दुधाचं काढेल, आणि त्याने ते काढायलाच हवं होतं. तो उठला, टीव्हीपाशी गेला, टेबलामागून केबलीचं टोक ओढून काढलं आणि बोटांत धरून पाहिलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

"मग आधी जेवून घेऊ," तो म्हणाला.

भांडी बांधलेली होती. खालून गुजराती थाळीचे दोन डबे आणले आणि वर्तमानपत्र पसरून खाल्ले. जेवताना तो एवढंच म्हणाला की तिला मी कारण काय सांगू. मी म्हटलं, खरं सांग. तो म्हणाला, खरं सांगितलं तर तिला तुझा राग येईल, आणि मला तो यायला नकोय. शेवटी त्याने तिला काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

जेवून हात धुतले आणि मी कॉपी रद्द केली. मोजके लहान गेम पोचले होते, ते राहिले. पेटी काढली. केबलीचं टोक कापलं, आवरण सोललं, आठ तारा वेगळ्या करून ओळीने लावल्या: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. एकसारख्या कापून कनेक्टरमध्ये सरकवल्या, टोकं पार पुढपर्यंत टेकली की नाही ते उजेडात धरून पाहिलं आणि पक्कड दाबली. तो माझ्या खांद्यावरून बघत होता. सहा वर्षांत त्याने मला माझं काम करताना पहिल्यांदाच पाहिलं असणार. "तुला हे असं बघून त्यांनी घेतलं असतं," तो म्हणाला. "इंग्रजी कशाला लागतं याला."

पुन्हा बटण दाबून धरलं, पुन्हा बीप, पुन्हा यादी. उरलेल्यांवर खुणा केल्या. या वेळी स्क्रीनवर आलं एक तास पन्नास मिनिटं. त्याने लगेच टेम्पोवाल्याला आणि घरी कळवलं.

ती एक तास पन्नास मिनिटं मला नऊ तासांपेक्षा मोठी वाटली आणि लहानही. आता लपवायला काही नव्हतं, म्हणून आम्ही भरपूर बोललो. पहिल्या वर्षी माझा पाय मोडला तेव्हा तो मला पाठीवर घेऊन दोन मजले चढला होता, ते निघालं. वडिलांच्या आजारपणात तो नाशिकला होता तेव्हा मी आठ दिवस जादा शिफ्ट केल्या आणि घरी येऊन त्याच्या वाटणीचं दूध नासू नये म्हणून चहा करून एकटाच प्यायचो, ते मी सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं. त्याने विचारलं की मी घरी फोन करून लग्नाचं का बघायला सांगत नाही. मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, तुझं हे 'बघू' मला पुरतं माहीत आहे.

सव्वाचारला शेवटचा गेम पोचला. त्याने ट्रकचा गेम उघडून पाहिला. आमचं सगळं जसंच्या तसं होतं, सातव्या घाटाच्या तोंडाशी उभा ट्रक, मागे लाकडं, एक टेललाइट फुटलेला. त्याने कंट्रोलर माझ्याकडे सरकवला. एक डाव खेळू, म्हणाला. खेळलो. दोनदा दरीत गेलो. तिसऱ्यांदा सुरू करणार एवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

कन्सोल त्याने मांडीवर घेऊन जायचं ठरवलं होतं. केबल मीच गुंडाळून त्याच्या पिशवीत टाकत होतो, तर तो म्हणाला, राहू दे, तुझी आहे. टेम्पो वळणावर गेला तेव्हा मी खालीच उभा होतो. वर येऊन पाहिलं तर टीव्हीची जागा भिंतीवर पांढरी दिसत होती. टीव्ही त्याचा, तो गेला. माझ्याकडे कन्सोल होता आणि त्यात सगळे गेम होते, पण दाखवायला काही नव्हतं. पुढचा टीव्ही घ्यायला मला दोन महिने लागले.

आता या गोष्टीला काही वर्षं झाली. मी त्याच फ्लॅटमध्ये आहे. दुसरा जोडीदार आला, तो पालघरकडचा, सज्जन आहे, मोबाइलवर सिनेमे पाहतो. गेममध्ये त्याला रस नाही. सुरुवातीला मी एका रविवारी ट्रकचा गेम एकट्यानेच खेळून पाहिला. एक कंट्रोलर हातात, दुसरा पायांच्या अंगठ्यांनी. पहिल्याच वळणाला ट्रक दरीत गेला. मी पुन्हा प्रयत्न केला नाही.

त्यानंतर एकदा कारखान्यात पॅनेलसमोर उभा असताना जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर माझं खातं उघडलं. तिथे गेममध्ये मला मिळालेली बक्षिसं दिसतात. सगळ्यात वर नवीन होतं: सातवा घाट उतरल्याचं. माझ्या नावावर, आदल्या दिवशीचं. ते मिळालं त्या वेळी मी मसाटला एका सेन्सरची वायर तपासत होतो. मी बराच वेळ ते बघत राहिलो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी फोन केला. तो हसला आणि म्हणाला की आता स्टेअरिंगला तो स्वतः असतो आणि गिअरला बायको, आणि ती त्याच्यापेक्षा बरी आहे. "पण जमा तुझ्याच नावावर झालं," तो म्हणाला. मी विचारलं, ती गिअर टाकण्याआधी काही आवाज करते का. तो म्हणाला, कसला आवाज?

मी म्हटलं, काही नाही.

पुढे ते आठवा, नववा असे करत बाराही घाट उतरले. मला सगळं माझ्या नावावर वाचायला मिळालं. मग मुलगी झाली आणि बक्षिसं यायची थांबली. मधे मी चाकणच्या त्या कंपनीत बायोडेटा पाठवला होता, या वेळी खरंच. जागा भरली होती. त्यांनी नम्रपणे कळवलं. त्याला मी ते सांगितलं नाही. मग एका रविवारी सांगितलं. तो म्हणाला, "पाठवलास ना. बास."

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. डिस्क भरली म्हणून त्याने आमचे जुने गेम काढून टाकले होते, मुलीच्या कार्टूनच्या गेमला जागा हवी होती. त्याला वाईट वाटत असावं, कारण दोनदा सांगितलं. मग म्हणाला, "तुझ्याकडे आहेतच ना? मी येईन तेव्हा कन्सोल घेऊन येतो. परत केबल लावू."

मी म्हटलं, ये. येणं काही झालेलं नाही अजून. मुलगी लहान आहे, सुट्ट्या जमत नाहीत, हे मला कळतं. दर दीड-दोन महिन्यांनी मी जुना कन्सोल चालू करतो. तो सॉफ्टवेअर अद्ययावत करायला सांगतो. मी करतो, पूर्ण होईपर्यंत समोर बसून राहतो. जुना पडला तर नवा त्याला ओळखायचा नाही. मग पंख्यावरची धूळ पुसतो आणि बंद करून ठेवतो.